डिटेक्टर बाजूला ठेवून क्षेत्र-प्रकल्प कसा तपासावा: नोंदवही, टिपणांसह संदर्भसूची आणि मसुद्याचे टप्पे

मार्चअखेर साठ विद्यार्थ्यांचे साठ अहवाल एकदम टेबलावर येतात. भाषा गुळगुळीत, परिच्छेद एका मापाचे, आणि समोर बसलेल्या मुलाला स्वतःच्याच अहवालातला एखादा शब्द समजावून सांगता येत नाही. मग मजकूर एआय डिटेक्टरमध्ये टाकायचा आणि येईल तो आकडा पुरावा मानायचा, हा मोह होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांत हे आता सर्रास दिसतं. हा लेख त्या मोहाला पर्याय देणारा आहे. गुण शेवटच्या अहवालाला कमी आणि तो घडण्याच्या वाटेला जास्त द्यायचे, आणि हे दोन क्रेडिटच्या, 50 गुणांच्या क्षेत्र-प्रकल्पात कसं बसवायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी डिटेक्टरचा हिशोब मांडू, कारण तो स्पष्ट असल्याशिवाय बाकीची मेहनत का करायची हे सहकाऱ्यांना पटत नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी 2023 मध्ये स्वतःचाच एक डिटेक्टर आणला. कंपनीच्याच चाचणीत त्याने एआयने लिहिलेल्या इंग्रजी मजकुरापैकी 26 टक्के बरोबर ओळखला आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरापैकी 9 टक्क्यांवर खोटा शिक्का मारला. अचूकता कमी असल्याचं सांगून तो जुलै 2023 मध्ये मागेही घेतला. हे प्रमाण साठ जणांच्या वर्गाला लावून पाहा. समजा वीस जणांनी अहवाल एआयकडून लिहून घेतला आणि चाळीस जणांनी स्वतः लिहिला. डिटेक्टर त्या वीसमधले पाचेक पकडेल, पंधरा सोडून देईल, आणि प्रामाणिक चाळिसांतल्या तीन-चार जणांवर बोट ठेवेल. म्हणजे हातात आलेल्या आठ-नऊ नावांत जवळजवळ निम्मी निरपराध. आजचे डिटेक्टर त्याहून सुधारले असतील, पण हातात येतो तो अंदाजच. त्याच्या आधारावर मुलाला नापास करणं मला मान्य नाही.

आपल्याकडे एक अडचण वेगळीच आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांच्या 91 टोफेल निबंधांवर त्या डिटेक्टरांनी सरासरी 61 टक्के वेळा एआयचा शिक्का मारला. कारण सरळ आहे. हे डिटेक्टर शब्द किती अपेक्षित आहेत ते मोजतात, आणि परकी भाषा जपून लिहिणारा माणूस साधे, अपेक्षित शब्दच वापरतो. मालवणी बोलत वाढलेली, दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी इंग्रजी अहवाल लिहिते तेव्हा ती नेमकी याच गटात मोडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांतली साम्याची टक्केवारीही इथे उपयोगी पडत नाही, कारण एआयने नव्याने जुळवलेला मजकूर कुठून उचललेला नसतो.

पहिली पायरी: गुणांची वाटणी बदला

सगळ्यात आधी हे, आणि हे सत्राच्या पहिल्याच आठवड्यात लेखी द्यायचं. माझी 50 गुणांची वाटणी अशी आहे: विषयाच्या चिठ्ठीला 5, टिपणांसह संदर्भसूचीला 10, नोंदवहीला 10, पहिला मसुदा आणि नंतर त्यात काय व का बदललं हे सांगणाऱ्या बदलपत्राला मिळून 10, अंतिम अहवालाला 8, तोंडी परीक्षेला 7.

अंतिम अहवालाला फक्त 8 गुण हे पाहून अनेकांच्या भुवया उंचावतात. पण अहवालाला 30 ठेवून नोंदवहीला 5 दिले, तर मुलं नोंदवही शेवटच्या रात्री भरतात आणि त्यांचा हिशोब चुकत नाही. वाटेच्या टप्प्यांना निम्म्याहून जास्त गुण असले, तरच डिसेंबरपासून काम सुरू करण्याला अर्थ उरतो. शिवाय प्रत्येक टप्पा मागच्या टप्प्यातून निघालेला असावा. मसुद्यात सूचीतल्या नोंदी वापरलेल्या असल्याच पाहिजेत, बदलपत्रात नोंदवहीतल्या तारखा आल्याच पाहिजेत, तोंडी परीक्षेचे प्रश्न या तिन्हींतून निघाले पाहिजेत. टप्पे सुटे ठेवले, तर प्रत्येक टप्पा एआयकडून वेगवेगळा करून घेता येतो. एकमेकांत अडकवले, तर खोटा मेळ घालायला खऱ्या कामाइतकेच कष्ट पडतात.

वेळापत्रक लावताना आपलं पंचांग समोर ठेवा. हे सत्र साधारण डिसेंबरात सुरू होतं. फाल्गुनी पौर्णिमा कधी मार्चच्या सुरुवातीला येते, कधी अखेरीला. शिमग्यात पालखी घरोघर फिरत असताना गावात कुणी मसुदा लिहिणार नाही, आणि त्या आठवड्यात तारीख ठेवली की निम्मा वर्ग उशिरा देतो. म्हणून पहिला मसुदा शिमग्याच्या आधी आणि अंतिम अहवाल नंतर, असं बसवा. काजू-आंब्याच्या कामाला जाणारी मुलंही मार्च-एप्रिलमध्ये अडकलेली असतात. विषयाची चिठ्ठी दुसऱ्या आठवड्यात, संदर्भसूची चौथ्या, नोंदवहीची पहिली पाहणी सहाव्या, दुसरी नवव्या, मसुदा दहाव्याच्या आसपास, असा क्रम सोयीचा पडतो.

दुसरी पायरी: विषयाची चिठ्ठी

ही एका पानाची, वर्गात बसून हाताने लिहायची. तीन गोष्टी हव्यात: मला काय विचारायचं आहे, ते कुणाला किंवा कुठे जाऊन विचारणार, आणि उत्तर काय येईल असं आत्ता वाटतं. तिसरी गोष्ट सोडू नका. नंतर मत बदललं की नाही, हे याच ओळीवरून कळतं.

पुढचं सगळं समजावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेतो. विद्यार्थिनी कल्पित आहे, विषय मालवण किनाऱ्यावर रोज बोलला जाणारा आहे. तिच्या चिठ्ठीत लिहिलंय: ‘पर्ससीन नौकांमुळे रापण बंद पडत आहे का? मी तारकर्ली-देवबागच्या रापणकरांशी बोलणार. मला वाटतं, हो, पर्ससीनमुळेच.’ रापण म्हणजे होडीतून अर्धवर्तुळात जाळं टाकून त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची पारंपरिक पद्धत. पर्ससीन म्हणजे यांत्रिक नौकेवरून थव्याभोवती जाळं फिरवून ते खालून आवळायचं. चिठ्ठी बरी आहे, पण प्रश्न एका सत्राला मोठा आहे. मी 5 पैकी 3 देईन आणि समासात एकच वाक्य लिहीन: ‘बंद पडतेय हे कशावरून मोजशील?’

तिसरी पायरी: टिपणांसह संदर्भसूची

इथे जरा सविस्तर थांबतो, कारण या टप्प्यावर नीट काम झालं तर पुढचं अर्धं संकट टळतं.

संदर्भ पाचच मागा. वीस मागितले की मुलं यादी भरतात, वाचत नाहीत. पाचपैकी किमान एक शासकीय कागद किंवा आकडेवारी, एक छापील पुस्तक किंवा ग्रंथालयातला जुना दस्तऐवज, एक बातमी, आणि एक जिवंत माणूस, म्हणजे मुलाखतीसाठी ठरलेली व्यक्ती, असं बंधन घाला. प्रत्येक नोंदीखाली तीन प्रश्नांची उत्तरं हवीत. या संदर्भात माझ्या कामाचं नेमकं काय आहे, पान किंवा परिच्छेदासकट? ते मी माझ्या अहवालात कुठे वापरणार? आणि हा संदर्भ मला काय सांगत नाही?

तिसऱ्या प्रश्नावर सगळं अवलंबून आहे. सारांश एआयकडून सहज मिळतो. ‘माझ्या प्रश्नासाठी यात काय कमी आहे’ हे लिहायला मात्र स्वतःचा प्रश्न आणि समोरचा कागद दोन्ही डोक्यात लागतात.

आपल्या विद्यार्थिनीच्या तीन नोंदी पाहू. पहिली, पर्ससीन मासेमारीवर बंधनं घालणारा राज्य शासनाचा 5 फेब्रुवारी 2016 चा आदेश. तिने लिहिलं: ‘आदेश काय करायला मनाई करतो ते कळलं. तो प्रत्यक्ष पाळला जातो का, हे यातून कळत नाही, ते मला माणसांना विचारावं लागेल.’ पूर्ण गुण. दुसरी, कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेचे वार्षिक मत्स्योत्पादनाचे आकडे. तिचं टिपण: ‘महाराष्ट्रात बांगडा आणि तारली किती मिळाली ते कळतं.’ इथे अर्धेच गुण, कारण मोठी मर्यादा सुटली. हे आकडे राज्याचे आहेत, एका किनाऱ्यावरच्या रापणीला किती मिळालं ते त्यात शोधता येणार नाही. ही गोष्ट तिला आत्ता कळली, तर ती मसुद्यात राज्याच्या आकड्यावरून तारकर्लीचा निष्कर्ष काढणार नाही. तिसरी, 1880 साली प्रसिद्ध झालेलं रत्नागिरी आणि सावंतवाडीचं इंग्रजी गॅझेटिअर. तिने लिहिलं: ‘यांत्रिक नौका येण्याआधीचं वर्णन आहे, म्हणून तुलनेचा आरंभ म्हणून वापरेन, कारण शोधायला नाही.’ असं टिपण वाचलं की मुलगी विचार करतेय याची खात्री पटते.

आता यात काय बिघडतं. एआय अस्तित्वातच नसलेले संदर्भ बनवून देतं: लेखकाचं नाव खरं वाटावं असं, नियतकालिक खरं, लेख मात्र नाहीच. हे पकडायला सॉफ्टवेअर लागत नाही. प्रत्येक संदर्भाच्या वापरलेल्या पानाची झेरॉक्स किंवा मोबाइलवर काढलेला फोटो सूचीला जोडायला सांगा. पाचांपैकी कुठलाही एक निवडा आणि त्या पानावर बोट ठेवून विचारा, ‘हे वाक्य कुठे आहे?’ एका विद्यार्थ्याला दोन मिनिटं पुरतात. दुसरा बिघाड कमी दिसतो. संदर्भ खरा असतो, पण टिपण त्याच्या शीर्षकावरून रचलेलं असतं. अशा टिपणात पान क्रमांक नसतो आणि ‘हा स्रोत अत्यंत उपयुक्त आहे’ छापाची वाक्यं असतात. त्याला मी शून्य देतो आणि आठवड्याभरात पुन्हा करायला सांगतो. फसवणुकीचा आरोप करायची गरज नसते, कारण मागितलेली गोष्ट दिलेलीच नाही.

चौथी पायरी: नोंदवही

नोंदवही कागदाची असावी, असं माझं ठाम मत आहे. किनाऱ्यावर आणि सड्यावर मोबाइलची रेंज येते-जाते, सगळ्यांकडे संगणक नसतो, आणि वाळूत उभं राहून रापणकराशी बोलताना पन्नास पानी वही सोपी पडते. पानांना क्रमांक घालून पहिल्याच दिवशी सही-शिक्का मारून द्या.

‘तुमचा अनुभव लिहा’ असं सांगितलं की ‘आज मला खूप काही शिकायला मिळालं’ असं येतं. असं वाक्य माणसाने लिहिलं काय आणि यंत्राने काय, दोन्हींत तपासण्याजोगं काहीच नसतं. म्हणून प्रत्येक नोंदीसाठी चार ठरलेले प्रश्न द्या. आज कुठे गेलो आणि कुणाशी बोललो? त्यांचं एक वाक्य, त्यांच्याच बोलीत, जसंच्या तसं. माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळं काय निघालं? त्यामुळे मी पुढे काय बदलणार? सत्रभरात सहा नोंदी पुष्कळ झाल्या. प्रत्येक नोंद अर्ध्या पानाची.

आपल्या विद्यार्थिनीची दुसरी नोंद अशी: ‘आज रापण ओढून झाल्यावर दोघांशी बोलले. मी विचारलं, गेल्या वर्षीपेक्षा किती किलो कमी मिळाले. ते हसले. ते किलोत मोजतच नाहीत, टोपलीत मोजतात, आणि वाटे झाल्यावर हिशोब कुणी लिहून ठेवत नाही. माझी प्रश्नावली चुकली. पुढच्या वेळी टोपल्या विचारणार आणि हंगामात किती दिवस रापण लागली ते विचारणार.’ चौथी नोंद याहून महत्त्वाची: ‘एक आजोबा म्हणाले, “एलईडीचे दिवे इले आणि बांगडो किनाऱ्याक येवचो बंद झालो.” ते पर्ससीन म्हणालेच नाहीत. मी सगळा दोष पर्ससीनवर ठेवला होता. दोन गोष्टी वेगळ्या आहेत का, ते शोधायला हवं.’ आणि पाचवीत: एलईडी दिव्यांनी मासे खेचून घेण्याच्या मासेमारीवर केंद्र शासनाने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातल्याचं तिने शोधून काढलं आणि सूचीत सहावा संदर्भ वाढवला.

या तीन नोंदींत तिच्या विचाराचं वळण तारखेसकट दिसतं. गुण देताना मी भाषा पाहत नाही, शुद्धलेखनही पाहत नाही. प्रत्येक नोंदीला 0, 1 किंवा 2. नुसती हजेरी असेल तर 0, तपासता येईल असा तपशील असेल तर 1, आणि त्या तपशिलामुळे काही निर्णय बदलला असेल तर 2. सहा नोंदींतल्या सर्वोत्तम पाचांचे मिळून 10. एक नोंद फुकट जायची मुभा ठेवल्यामुळे मुलं ‘आज काहीच मिळालं नाही, रापण लागलीच नाही’ हेही खरं लिहितात.

खोटी नोंदवही कशी ओळखावी? एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेली वही पाहिली की कळते, पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण काही मुलं कच्चं लिहून नंतर पक्कं उतरवतात. त्यापेक्षा तपशील परिस्थितीशी जुळतो का ते पाहा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. सत्राबाहेरच्या कामाची नोंद म्हणून कुणी जुलैमध्ये पर्ससीन नौकेवरून मासे उतरताना पाहिल्याचं लिहिलं, तर विचारायला जागा आहे. पण विचारा, आरोप करू नका. ‘जुलैत नौका कशी काय समुद्रात होती?’ या प्रश्नाला खरं उत्तर असू शकतं आणि ते चोरट्या मासेमारीबद्दल असलं तर प्रकल्पासाठी मोलाचं आहे. वही मध्येच दोनदा पाहायची ती यासाठीच. सहाव्या आठवड्यात शेवटच्या नोंदीखाली आपली सही आणि तारीख टाकली, की मागच्या तारखेने भर घालायला जागा उरत नाही.

एआयच्या वापराची नोंदही याच वहीत करायला सांगा. कशासाठी वापरलं, काय घेतलं, काय टाकून दिलं, तीन ओळी. मुलाखतीचं मराठीतून इंग्रजी करायला किंवा वाक्य सुधारायला वापरलं आणि तसं लिहिलं, तर मी गुण कापत नाही. टिपणं, मुलाखतीतली उत्तरं आणि नोंदी तयार करून घ्यायला वापर चालणार नाही, हे मात्र सुरुवातीलाच लेखी सांगतो. आणि शक्य असेल तिथे अहवाल मराठीत लिहू द्या. भाषेचं ओझं उतरलं की यंत्राकडे जायचं एक मोठं कारण आपोआप कमी होतं.

पाचवी पायरी: पहिला मसुदा आणि बदलपत्र

मसुदा कच्चाच हवा, हे मुलांना पुन्हापुन्हा सांगावं लागतं. वर्षानुवर्षं आपण नीटनेटक्या कागदाला गुण दिले आहेत, त्यामुळे अर्धवट कागद द्यायची त्यांना भीती वाटते. म्हणून मसुद्याच्या दर्जाला गुणच ठेवू नका. वेळेवर दिला आणि त्यात सूचीतले किमान तीन संदर्भ व दोन नोंदी वापरल्या, तर 4 गुण. उरलेले 6 बदलपत्राचे.

साठ मसुदे पूर्ण वाचायचे नाहीत. प्रत्येकातला निष्कर्षाचा परिच्छेद आणि त्याच्या आधीचं एक पान वाचा, दोनच शेरे लिहा. आपल्या विद्यार्थिनीच्या मसुद्यातलं वाक्य होतं: ‘पर्ससीनमुळे मालवण किनाऱ्यावरील रापण व्यवसाय संपत चालला आहे.’ माझे शेरे: ‘तुझ्या चौथ्या नोंदीतले आजोबा या वाक्यात कुठे आहेत?’ आणि ‘तू किती जणांशी बोललीस, आणि त्यावरून अख्ख्या मालवण किनाऱ्याबद्दल बोलता येईल का?’ दोन्ही शेरे तिच्याच वहीतून आलेले आहेत. वर्गभर चालतील असे शेरे, ‘मांडणी सुधारा’, ‘आणखी संदर्भ द्या’, हे एआयला चिकटवून उत्तर मिळवता येतं. आजोबांचा शेरा कुठेही चिकटवला, तरी वही उघडावीच लागते.

बदलपत्र म्हणजे अंतिम अहवालासोबतचं एक पान. मसुद्यातली तीन ठिकाणं घ्यायची. आधी काय होतं, आता काय आहे, आणि का बदललं, म्हणजे कुठल्या शेऱ्यामुळे, कुठल्या नोंदीमुळे किंवा कुठल्या संदर्भामुळे. प्रत्येक बदलाला 2 गुण. एखादा शेरा पटला नाही म्हणून बदल केला नाही आणि त्याचं कारण नीट दिलं, तर त्यालाही पूर्ण 2. ही मुभा मला फार महत्त्वाची वाटते. तिच्या पत्रातला पहिला बदल असा: ‘आधी: पर्ससीनमुळे रापण संपत चालली आहे. आता: मी भेटलेल्या सात रापणकरांपैकी चौघांनी पर्ससीनला आणि तिघांनी एलईडी दिव्यांना मुख्य कारण मानलं. रापणीचे दिवस कमी झाले असं सातही जण म्हणाले, पण लेखी हिशोब कुणाकडेच नसल्यामुळे किती कमी झाले ते मला सांगता येत नाही. कारण: 4 थी नोंद, शेरा 1 व 2.’ हे वाक्य पहिल्यापेक्षा कमी ठाम आहे आणि कितीतरी जास्त खरं आहे.

जी मुलं गूगल डॉक्समध्ये लिहितात, त्यांच्या फाइलचा आवृत्ती-इतिहास संगणकावर उघडून पाहता येतो. मजकूर हळूहळू वाढला की एका क्षणात चार पानं आली, ते दिसतं. पण तो पुरावा मानू नका. अनेक मुलं मोबाइलच्या दुसऱ्या ॲपमध्ये लिहून शेवटी चिकटवतात, काही सायबर कॅफेत टाइप करून घेतात. आणि उलट, एआयचा मजकूर समोर ठेवून सावकाश टाइप केला तर इतिहास अगदी नैसर्गिक दिसतो. विचारायचा प्रश्न मिळाला, एवढाच त्याचा उपयोग.

सहावी पायरी: तोंडी परीक्षा आणि वेळेचा हिशोब

तोंडीला प्रत्येकी सात मिनिटं. अहवाल बंद ठेवायचा, वही उघडी ठेवायची. तीन प्रश्न पुरतात: एक सूचीतल्या संदर्भावर, एक नोंदवहीतल्या तपशिलावर, एक बदलपत्रातल्या कारणावर. ‘टोपली म्हणजे साधारण किती मासे, ते कुणाला विचारलंस?’ हा प्रश्न ज्याने किनाऱ्यावर खरंच चौकशी केलीय त्याला सोपा आहे. लाजाळू मुलांसाठी मी एक सवलत देतो. उत्तर मालवणीत किंवा संगमेश्वरीत, जसं सुचेल तसं चालेल, आणि एखादं उत्तर लिहून दाखवलं तरी चालेल.

सहकाऱ्यांची सगळ्यात रास्त तक्रार वेळेची असते. माझा अंदाज प्रत्येक विद्यार्थ्यामागे असा: चिठ्ठीला 2 मिनिटं, सूचीला 5, वहीच्या दोन पाहण्यांना मिळून 3, मसुद्याला 6, अहवाल आणि बदलपत्राला 8, तोंडीला 7. बेरीज 31 मिनिटं, म्हणजे साठ जणांना 31 तास. बारा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला अडीच तासांहून थोडे जास्त. हे कमी नाही. ज्या प्राध्यापकाकडे दोनशे विद्यार्थी आहेत त्याला ही रीत पूर्ण झेपणार नाही, आणि त्याने ती अर्धवट राबवून दमून जाण्यापेक्षा संदर्भसूची आणि बदलपत्र हे दोनच टप्पे घ्यावेत. वहीची पाहणी गटात, एकमेकांच्या वह्या वाचून, वर्गातच करून घेता येते.

शंका उरलीच तर

इतकं करूनही एखाद्याचा अहवाल त्याचा वाटत नाही. तेव्हा भाषेवरून भांडू नका. त्याच्यासमोर चिठ्ठी, सूची, वही आणि मसुदा ओळीने मांडा आणि अहवालातला एक निष्कर्ष दाखवून विचारा, हा या चारांपैकी कशातून आला? मूळ सापडलं तर प्रश्न मिटला. नाही सापडलं, तर त्या निष्कर्षाचे गुण ‘आधार नाही’ म्हणून जातात. माणूस असो वा यंत्र, आधाराविना लिहिलेल्याला तसेही गुण नसतात. त्याला शिक्षा म्हणून सगळा प्रकल्प रद्द करायची वेळ माझ्या मते क्वचितच येते, कारण ज्याने खरंच काही केलेलं नाही त्याचे 50 पैकी 35 गुण अहवाल आणि तोंडी सोडून बाकीच्या टप्प्यांतच गेलेले असतात.

चुकलेला टप्पा एका आठवड्यात भरून काढता येईल, पण सोबत पाच मिनिटं तोंडी द्यावं लागेल, असा नियम ठेवा. वडिलांसोबत होडीवर जाणारा मुलगा, दापोलीहून रोज एसटीने येणारी मुलगी, आजारपण, हे सगळं यात बसतं. मागच्या तारखेच्या नोंदी मात्र घेऊ नका. आजची तारीख टाकून ‘गेल्या पंधरवड्यात काय झालं’ असं लिहायला सांगा.

प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एकच पान ठेवा: वर सहा टप्प्यांचे गुण आणि तारखा, खाली तुमचे दोन शेरे आणि तोंडीचे तीन प्रश्न, शेवटी दोघांच्या सह्या. बाहेरून आलेल्या परीक्षकाने ‘याला 42 का आणि तिला 29 का’ असं विचारलं, तर हे पान आणि सोबतची वही पुढे करायची. पालक तक्रार घेऊन आले, तरी हेच पान दाखवायचं.